आवाज तुटतो तो हॉल आणि बेडरूमच्या मधे

माझी मोठी बहीण डोंबिवलीला राहते. दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला ती आतल्या खोलीचं दार लावून घेते, लॅपटॉप उघडते आणि न्यू जर्सीतल्या सहा मुलांना मराठी शिकवते. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. गेल्या पावसाळ्यात तिचे तीन वर्ग लागोपाठ फिसकटले. ‘मावशी, तुमचा आवाज तुटतोय’ हे वाक्य मुलं इतक्या वेळा म्हणाली की तेवढं मराठी त्यांचं पक्कं झालं, असं ती म्हणायची. पण आवाजात वैताग होता. मुलं ळ आणि ल यांतला फरक कानाने शिकतात. नेमकं ते अक्षरच गिळलं गेलं तर शिकवायचं काय?

तिने आपल्या परीने सगळं केलं होतं. स्पीड टेस्ट लावली, ९४ आले. १०० चा प्लॅन वाढवून २०० चा घेतला. आवाज तुटायचा तो तुटतच राहिला. नेट पुरवणाऱ्याचा माणूस येऊन गेला, त्याने हॉलमध्ये राउटरपाशी उभं राहून मोबाइलवर स्पीड दाखवला आणि लाइन ओके म्हणून सही घेतली. त्याचं खरं होतं. लाइन ओकेच होती.

मग एका रविवारी मी तिच्याकडे गेलो. गोंधळ स्पीडचा नव्हताच, हे तेव्हा नीट दिसलं, आणि ते कसं दिसलं हे सांगण्यासारखं आहे. कारण हाच प्रकार आज कितीतरी घरांत चालू असतो आणि लोक प्लॅनवर पैसे घालत राहतात.

आधी कॉलला लागतं काय ते पाहू. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा लागत नाहीत. चांगलं चित्र धरलं तरी एका माणसाच्या व्हिडिओ कॉलचं दीड-दोन मेगाबिटमध्ये भागतं, वर्गात माणसं जास्त असली तर तीन-चार. म्हणजे १०० च्या प्लॅनमधलं ९५ टक्के नेट कॉलच्या दृष्टीने रिकामंच पडलेलं असतं. कॉलला हवा असतो वक्तशीरपणा. आपण बोलतो तो आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो आणि सेकंदाला असे ५० तुकडे पाकिटांतून रवाना होतात. ऐकणाऱ्याच्या बाजूचं सॉफ्टवेअर आलेल्या तुकड्यांचा थोडासा साठा जवळ ठेवतं, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर, आणि त्यातून एकेक तुकडा वेळेवर वाजवत जातं. एखादा तुकडा या साठ्याची मुदत संपल्यावर पोचला तर त्याचा उपयोग शून्य. तो टाकून द्यावा लागतो. कॉलमध्ये उशिरा आलेलं पाकीट आणि हरवलेलं पाकीट यांत काही फरक नाही.

सिनेमा पाहताना असं होत नाही. कारण तिथे पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. मधे दोन सेकंद काही आलं नाही तरी आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून ‘नेटफ्लिक्स तर मस्त चालतं’ हा पुरावा कॉलच्या कामाचा नाही. स्पीड टेस्टही तशीच. ती दहा-पंधरा सेकंदांत एकूण किती माल आला ते मोजते. जिल्ह्यात पावसाची सरासरी पुरी झाली असं सरकारी तक्ता सांगतो, आणि पेरणीनंतर तीन आठवडे उघडीप होती हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. ताईच्या ९४ मेगाबिटमध्ये अशा छोट्या छोट्या उघडिपी होत्या, पाव सेकंदाच्या, अर्ध्या सेकंदाच्या. सरासरीत त्या दिसत नाहीत.

परदेशातल्या माणसांशी बोलणाऱ्यांना हे जास्त जाचतं, त्याला कारण आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची एक जुनी शिफारस आहे, की बोलणं एका बाजूकडून दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर संभाषण सहज वाटतं. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत तार टाकली तरी साठ-बासष्ट मिलिसेकंद लागणारच. समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत. त्या वळणावळणाने जातात, त्यामुळे एका बाजूचे १०० च्या आसपास मिलिसेकंद तिथेच खर्च होतात. ते कोणालाच वाचवता येत नाहीत. उरलेल्या पन्नासात दोन्हीकडची घरं, दोन्हीकडचे लॅपटॉप आणि मधली कंपनी यांनी भागवायचं. अशा वेळी आपल्या हॉलपासून बेडरूमपर्यंत यायला पाकिटाला २०० मिलिसेकंद लागले, तर तो उशीर अटलांटिक ओलांडण्यापेक्षा मोठा आहे.

आणि ताईच्या घरी नेमकं तेच घडत होतं. ते कळलं एका साध्या चाचणीने. विंडोजच्या लॅपटॉपवर Command Prompt उघडायचं आणि आधी राउटरचा पत्ता काढायचा. `ipconfig` टाइप केल्यावर `Default Gateway` समोर जो आकडा येतो तो राउटर, बहुतेक घरांत 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. मग त्याला शंभर हाका मारायच्या:

```
ping -n 100 192.168.1.1
```

मॅक किंवा लिनक्स असेल तर `-n` ऐवजी `-c`. सेकंदाला एक हाक जाते, म्हणजे पावणेदोन मिनिटांचं काम. प्रत्येक ओळीत उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं आणि शेवटी किती हाका वाया गेल्या तेही. ही हाक घराबाहेर जातच नाही. लॅपटॉप ते राउटर आणि परत, एवढाच तिचा प्रवास. तेव्हा यात जे दिसेल ते निव्वळ घरातल्या वायफायचं.

एक गोष्ट सांभाळायची. चाचणी कॉल चालू असताना करायची. लॅपटॉप रिकामा बसलेला असला की बॅटरी वाचवायला वायफायचं कार्ड अधूनमधून डुलकी काढतं, आणि मग हाकेला उत्तर उशिरा येतं. तो दोष खरा नव्हे. कॉल चालू असला की कार्ड जागं राहतं.

मी भाच्याला त्याच्या मोबाइलवरून ताईला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं आणि बेडरूममध्ये चाचणी लावली. बहुतेक उत्तरं चार-पाच मिलिसेकंदांत येत होती. पण दर दहा-बारा ओळींनी एखादी १८०, एखादी २४०, एकदा ४१० आली, आणि शंभरातल्या चार हाकांना उत्तरच नाही. मग लॅपटॉप उचलून हॉलमध्ये राउटरशेजारी नेला. तिथे सगळं दहाच्या आत. मग मी त्याच राउटरपासून बाहेरच्या जगाला हाक मारून पाहिली, `ping -n 100 8.8.8.8`. हा गूगलचा एक सार्वजनिक सर्व्हर आहे. तीही व्यवस्थित, फारसा चढउतार नाही. म्हणजे फायबर चोख, राउटर चोख आणि आवाज मरत होता तो हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या नऊ मीटर हवेत.

या हवेत गडबड काय असते? वायफाय म्हणजे सोसायटीची सभा आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी सगळं शांत आहे ना ते ऐकायचं, आणि शांत नसेल तर थांबायचं. त्या सभेत आपल्या घरातला टीव्ही, तीन मोबाइल आणि लॅपटॉप तर असतातच, पण त्याच चॅनेलवर असलेले वरच्या, खालच्या आणि शेजारच्या फ्लॅटमधले राउटरही असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ताईच्या बेडरूममधून मला सत्तावीस वायफाय दिसत होते. शनिवारी संध्याकाळी सगळे घरी असतात, सगळ्यांचं काही ना काही चालू असतं. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर आहे आणि गर्दी कमी, पण त्या लहरी भिंतीत जास्त विरतात. मधे दोन भिंती आणि एक काँक्रीटचा कॉलम आला की लॅपटॉप आपणहून २.४ वर उतरतो.

शिवाय पाकीट पोचल्याची पोच यावी लागते. पोच आली नाही तर वायफाय तेच पाकीट पुन्हा पाठवतं, पुन्हा नाही तर पुन्हा. त्यामुळे वायफायमध्ये पाकीट क्वचितच खरोखर हरवतं, पण उशीर होतो. फाइल उतरवताना हा गुण आहे. बोलताना तोच दोष ठरतो, कारण तिसऱ्या खेपेला पोचलेलं अक्षर ऐकवायची वेळ निघून गेलेली असते.

गंमत अशी, की तारेच्या इथरनेटचंही सुरुवातीला असंच होतं. १९७३ साली झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी जी कल्पना मांडली तीत सगळे संगणक एकाच केबलवर होते, सगळ्यांनी आळीपाळीने बोलायचं आणि दोघं एकदम बोलले तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. पुढे स्विच आले आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची स्वतंत्र तार मिळाली, जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी. आजच्या राउटरच्या मागच्या पिवळ्या किंवा काळ्या लॅन पोर्टात केबल खोचली की त्या तारेवर आपल्याशिवाय दुसरं कोणीच नसतं. थांबणं नाही, ऐकणं नाही, शेजारी नाही.

पण केबल लॅपटॉपला खोचायची कुठे? ताईच्या लॅपटॉपला ते भोकच नव्हतं. हल्ली बहुतेक पातळ लॅपटॉपना नसतं. लॅन केबलचं टोक जाडजूड आहे, त्याला जागा द्यायची तर कडा तेवढी जाड ठेवावी लागते. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला, त्याला लॅनचं पोर्ट नव्हतं. ते हवं असेल त्याने यूएसबीला लावायचा जोड वेगळा घ्यायचा होता. पुढे इतरांनीही तेच केलं. काही कंपन्यांनी खालचा जबडा उघडणारं बिजागरीचं पोर्ट काढलं, पण ते थोड्याच लॅपटॉपवर दिसतं.

तेव्हा आता तोच जोड घ्यायचा. दुकानात त्याला ‘यूएसबी टू लॅन कन्व्हर्टर’ म्हणतात. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एवढं म्हटलं की पुढ्यात चार ठेवतात. अंगठ्याएवढी डबी, एका बाजूला वीतभर वायर आणि यूएसबीचं टोक, दुसऱ्या बाजूला लॅनचं भोक आणि त्याच्या कडेला दोन बारीक दिवे. आत एक चिप असते, ती लॅनची भाषा यूएसबीत आणि यूएसबीची लॅनमध्ये करते. सगळा फरक त्या चिपचा.

ओळखायला सोपं पडावं म्हणून दोन नावं लक्षात ठेवा. रिअलटेकची RTL8153 आणि एसिक्सची AX88179. दोन्ही यूएसबी ३ वर चालतात आणि गिगाबिट देतात. खोक्यावर किंवा माहितीत यांपैकी एक नाव असलं की पुष्कळ काळजी मिटते. RTL8153 विंडोज १० आणि ११ ला ओळखीची आहे, खोचलं की चालू होते, आणि लिनक्सलाही तिच्यासाठी वेगळं काही शोधावं लागत नाही. असा कन्व्हर्टर हजार-दीड हजारांच्या आसपास मिळतो. यूएसबी २ आणि १०० मेगाबिटचा त्याहून स्वस्त असतो आणि खरं सांगायचं तर कॉलसाठी तोही पुरेसा आहे. कॉलला चारच मेगाबिट लागतात हे विसरू नका. तरी मी गिगाबिट घ्या म्हणतो ते यासाठी, की एकदा केबल लागली की माणूस बाकीची कामंही त्याच तारेवर करतो.

टाळायचा तो प्रकार वेगळा. अगदी दोन-तीनशे रुपयांत मिळणारे काही कन्व्हर्टर अजून यूएसबी १.१ च्या गतीने चालतात, म्हणजे सगळं मिळून १२ मेगाबिट. खोक्यावर मात्र १०० छापलेलं असतं. खोचल्यावर काही काही लॅपटॉपवर सीडीचं चित्र उमटतं आणि ड्रायव्हर टाका म्हणून सांगतं. असं झालं तर परत करा.

लॅपटॉपला एकच सी पोर्ट असेल आणि चार्जरही तिथेच लागत असेल तर नुसता कन्व्हर्टर घेऊन चालणार नाही. तासाभराच्या वर्गात बॅटरी उतरेल. अशांनी चार्जरची वाट असलेला हब घ्यावा, ज्यात लॅनचं भोकही असतं. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर खरेदीआधी आयटीवाल्यांना विचारा. कित्येक ठिकाणी बाहेरची यूएसबी उपकरणं बंद केलेली असतात.

ताईसाठी कन्व्हर्टर मी माझाच नेला होता. केबल मात्र नवी घेतली, कॅट ६, वीस मीटर. अंतर नऊ मीटरचं असलं तरी हवेतून नऊ. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून आणि कपाटामागून जाताना ते चौदा भरलं. इथरनेटची मर्यादा शंभर मीटर, तेव्हा घरात लांबीची चिंता नाही. तयार टोकं लावलेली केबल घ्यावी असं माझं मत आहे. मापाने कापून जागेवर टोक दाबून देणारे कुशल लोक आहेत, पण घाईत आठ तारांपैकी चारच जोडून देणारेही आहेत. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. गिगाबिटचा कन्व्हर्टर लावूनही लॅपटॉप १०० दाखवत असेल तर पहिला संशय केबलच्या टोकावर घ्यावा, दुसरा राउटरवर. काही राउटरचे सगळे पोर्ट गिगाबिटचे नसतात.

पहिल्या दिवशी आम्ही केबल कुठेही ठोकली नाही. नुसती जमिनीवर सोडली आणि ताईला सांगितलं, रात्रीपर्यंत पाय जपून टाक. कन्व्हर्टर खोचला, केबलचं टोक भोकात घातलं, टक् असा आवाज आला, दोन्ही दिवे लागले. एक स्थिर, एक लुकलुकणारा. मग वायफाय बंद केलं. हे मुद्दाम करायचं. दोन्ही चालू असले तर विंडोज सहसा केबलला पहिला मान देतं, पण आधीच चालू असलेला कॉल कधी वायफायवरच रेंगाळतो आणि केबल लावूनही काही फरक नाही असं वाटतं. वायफाय बंद करायचं आणि मगच कॉलमध्ये शिरायचं, म्हणजे संशयाला जागा नाही.

पुन्हा भाच्याचा कॉल, पुन्हा शंभर हाका. ओळीमागून ओळ `time<1ms`. एक-दोन ठिकाणी 1ms, एकदा 3ms. हरवलेली एकही नाही. त्याच नेटवर, त्याच प्लॅनवर.

पुढच्या शनिवारचा वर्ग नीट झाला आणि तासाच्या अखेरीला एक वेगळीच भानगड झाली, तीही सांगतो, कारण केबल लावणाऱ्या प्रत्येकाला ती आज ना उद्या भेटते. कॉल एकदम चार-पाच सेकंद गोठला आणि परत आला. मग पुन्हा. वायफायमध्ये आवाज चिरफाळतो, अक्षरं गिळली जातात; इथे सगळं पूर्ण थांबायचं आणि पूर्ण परत यायचं. ही खूण तार सुटल्याची आहे. असं झालं की कन्व्हर्टरच्या दिव्यांकडे पाहावं. गोठताना दिवे विझत असतील तर कारण दोनांपैकी एक. एक म्हणजे केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची बारीक जीभ तुटलेली असते. मग टोक भोकात बसल्यासारखं दिसतं पण लॅपटॉप जरा सरकला की केसभर बाहेर येतं. दुसरं कारण विंडोजची वीजबचत. Device Manager मध्ये Network adapters खाली कन्व्हर्टरचं नाव असतं, त्यावर दोनदा क्लिक करून Power Management मध्ये ‘Allow the computer to turn off this device to save power’ समोरची खूण काढून टाकायची. ताईच्या बाबतीत जीभ शाबूत होती. खूण काढली, गोठणं थांबलं.

आणखी एक बारीकसा त्रास. कन्व्हर्टर लावल्यापासून तिचा बिनवायरचा माउस अडखळायला लागला. यूएसबी ३ च्या जोडातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात थोडा गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. माउसचा इवलासा रिसीव्हर नेमका शेजारच्या भोकात होता. तो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला, माउस सुरळीत. ब्लूटूथ हेडफोनही याच पट्ट्यात चालतात. केबल लावूनही तुमच्या कानात आवाज खरखरत असेल आणि समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जात असेल, तर एकदा वायरचा हेडफोन लावून बघा.

आता केबल कुठे कामाची नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. माझा एक मित्र संगमेश्वरजवळ गावी राहून मुंबईच्या ऑफिसचं काम करतो. त्याच्याकडे सिम घालायचा फोर-जी राउटर आहे, टेबलावरच ठेवलेला. ताईची हकिकत ऐकून त्याने कन्व्हर्टर मागवला, लावला आणि मला फोन केला, काही फरक नाही रे. मी त्याला दोन्ही हाका मारायला लावल्या. राउटरची हाक एक मिलिसेकंद, आधी वायफायवरही तीन-चारच होती. बाहेरची हाक मात्र कधी साठ, कधी सहाशे. त्याचा आवाज घरात तुटतच नव्हता, तो टॉवरकडे जाताना तुटत होता. संध्याकाळी गावातले सगळे मोबाइल त्याच टॉवरवर. तिथे लॅपटॉपला केबल लावून काय होणार? त्याने राउटर वरच्या मजल्यावरच्या खिडकीत हलवला, तेव्हा थोडा आराम पडला. त्याचा कन्व्हर्टर वाया गेला, आणि त्याने मला आधी विचारलं असतं तर दोन हाकांतच मी त्याला नको म्हणालो असतो.

घरातलाच कोणी मोठ्या फाइली वर चढवत असेल तेव्हाही असंच दिसतं. मोबाइलमधले लग्नाचे व्हिडिओ आपोआप साठवणीला जात असतात, वर जाण्याची वाट तुंबते आणि आपला आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. राउटरची हाक झटपट, बाहेरची हाक लांबलेली. इलाज एकच, वर्गाच्या वेळी ते चढवणं थांबवायचं. आणि सहा मुलांपैकी एकट्याच एका मुलाचा आवाज तुटत असेल, बाकी पाचांना तुम्ही नीट ऐकू येत असाल, तर केबलची गरज त्या मुलाच्या घरी आहे.

रेंज वाढवायला खोलीत बसवतात त्या छोट्या यंत्रांबद्दलही विचारलं जातं. त्याच्या मागे लॅनचं भोक असतं, त्यात केबल खोचून लोक समाधान मानतात. पण ते यंत्र पुढे राउटरशी वायफायनेच बोलत असेल तर अडथळा जिथे होता तिथेच राहिला. केबल राउटरपर्यंत पोचली तरच उपयोग.

ज्याचं टेबल राउटरच्याच खोलीत आहे आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आहे, त्याने माझ्या मते या भानगडीत पडू नये. तिथे वायफाय कॉलला पुरतं. भिंत मधे आली, इमारत दाट असली, रोज तासभर बोलण्याचं काम असलं किंवा एखाद्या मुलाखतीवर नोकरी अवलंबून असली, तर मात्र मी डोळे मिटून केबल सुचवेन. डोंबिवलीसारख्या ठिकाणी एक जोडकाम लगेच करावं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, कन्व्हर्टरला वीज लॅपटॉपच देतो, पण राउटर मरतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचून घ्या, सगळे १२ चे नसतात. फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही वीज लागते हे विसरू नका.

ताईची केबल आता स्कर्टिंगच्या कडेने पांढऱ्या पट्टीत बसली आहे. तुमच्या घरीही कॉल तुटत असेल तर प्लॅन वाढवण्याआधी, कन्व्हर्टर मागवण्याआधी, कॉल चालू असताना त्या दोन हाका मारून बघा, एक राउटरला आणि एक बाहेर. राउटरचीच हाक अडखळत असेल तर कोणाचा तरी कन्व्हर्टर एका संध्याकाळपुरता मागून आणा, केबल जमिनीवर सोडा आणि पुन्हा मोजा. भिंतीला भोक त्यानंतर पाडा.